इंडोनेशियातली कागदपत्रे मराठीत आणताना: नाव, पदवी आणि हुद्दा कसा लिहायचा

इंडोनेशियन कागदपत्रांचे मराठी भाषांतर सहसा कुणाला लागते? इंडोनेशियन व्यक्तीशी लग्न झालेले असते आणि गावच्या जमिनीवर वारस नोंद करायची असते. तिकडे जन्मलेल्या मुलाचा दाखला इथे दाखवायचा असतो. कधी तालुका न्यायालयातल्या दाव्यात तिकडचा विवाहाचा दाखला जोडायचा असतो. मंत्रालयात किंवा विद्यापीठात इंग्रजी प्रत चालून जाते, पण तलाठी, तहसील आणि ग्रामपंचायतीत कामकाज मराठीत चालते, आणि तिथला कारकून पहिली गोष्ट एकच करतो: चार कागद शेजारी ठेवून नावे जुळतात का ते बघतो. वाक्यरचना सुंदर आहे की नाही, हे तो बघत नाही. त्यामुळे या कामात खरी मेहनत नावांवर, नावापुढच्या अक्षरांवर आणि सहीखालच्या दोन ओळींवर करावी लागते. मी ही भाषांतरे करते आणि नव्याने या कामात पडणाऱ्यांचे प्रश्न ऐकते, त्यावरून हे लिहिले आहे.

समजायला सोपे जावे म्हणून सगळ्या लेखात एकच काल्पनिक कुटुंब घेते. संदीप भीमराव देशमुख, मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरीनिमित्त बालीत राहिले आणि तिथल्याच हिंदू कुटुंबातल्या मुलीशी लग्न केले. पत्नी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलगा बालीत जन्मला. संदीप गेल्यानंतर गावाकडच्या सातबाऱ्यावर पत्नी आणि मुलाची वारस नोंद करायची आहे.

हाताशी काय काय हवे

- मूळ कागद: मुलाचा जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पत्नीचे ओळखपत्र आणि कुटुंबपत्रक. फोटोवरून काम सुरू करू नका. ठिपके आणि लहान-मोठी अक्षरे स्पष्ट दिसतील अशी स्कॅन केलेली प्रत घ्या.
- प्रत्येकाच्या पासपोर्टचे पहिले पान.
- पदवी प्रमाणपत्र, म्हणजे तिकडची इजाझा. भाषांतर करायचे नसले तरी पडताळणीसाठी लागते.
- संदीपची मराठी कागदपत्रे: शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुने रेशनकार्ड, जे असेल ते.
- नावे बोलून दाखवील असा घरातला माणूस, निदान फोनवर तरी.

## 1. भाषांतराआधी नावांचा तक्ता करा

कागद उघडून पहिल्या ओळीपासून भाषांतर करत सुटू नका. आधी सगळे कागद चाळून त्यांत आलेले प्रत्येक माणसाचे नाव, जिथे जसे आहे तसे, एका तक्त्यात उतरवा. एका रकान्यात रोमन लिपीतले नाव अक्षरशः, ठिपक्यांसकट. पुढच्या रकान्यात ते कोणत्या कागदावर आहे. तिसऱ्यात ओळख क्रमांक. चौथा रकाना देवनागरीचा, तो सध्या मोकळा ठेवा.

आपल्या उदाहरणात पत्नीचे नाव दोन प्रकारे येते:

```
जन्मदाखला, विवाहदाखला : NI MADE AYU LESTARI
कुटुंबपत्रक            : dr. NI MADE AYU LESTARI, Sp.A.
```

इथे कुठेही चूक नाही. इंडोनेशियाच्या गृहमंत्रालयाचा 2022 सालचा 73 क्रमांकाचा नियम असाच आहे. जन्म, विवाह, मृत्यू अशा नागरी नोंदणीच्या दाखल्यांवर शिक्षणाची पदवी किंवा धार्मिक उपाधी लावायला मनाई आहे, कुटुंबपत्रक आणि ओळखपत्रावर मात्र ती लावता येते. म्हणून एकच बाई एका कागदावर डॉक्टर असते आणि दुसऱ्यावर नसते. सातारच्या कारकुनाला हा नियम माहीत असण्याचे काही कारण नाही. त्याला ते दोन माणसांचे दोन कागद वाटू शकतात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे ओळख क्रमांक. तिकडच्या प्रत्येक नागरिकाला सोळा अंकी क्रमांक असतो. त्याला एन.आय.के. म्हणतात. पहिले सहा अंक प्रदेशाचे, मधले सहा जन्मतारखेचे आणि शेवटचे चार अनुक्रमांकाचे. बायकांच्या बाबतीत जन्मतारखेच्या दिवसात 40 मिळवलेले असतात. पत्नीचा जन्म 17 ऑगस्ट 1990 चा असेल तर मधले सहा अंक 570890 असे येतील. दिवसाच्या जागी 57 दिसल्यावर पुष्कळ जण टंकनाची चूक समजून ते 17 करून टाकतात. तसे अजिबात करू नका. उलट याचा उपयोग करा: तारीख जुळते का आणि स्त्री-पुरुष हा रकाना बरोबर आहे का, हे त्या सहा अंकांवरून लगेच तपासता येते.

## 2. ओळीचे तुकडे पाडा: उपाधी, नाव, पदवी

इंडोनेशियन नावाच्या ओळीत पुढे काही अक्षरे असतात, मध्ये नाव असते आणि स्वल्पविरामानंतर आणखी अक्षरे असतात. मधल्या भागातले काहीही गाळायचे नाही. पुढचे आणि मागचे तुकडे कशाचे आहेत हे आधी ठरवायचे, मगच लिहायला घ्यायचे.

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत एकट्या अक्षरांवर होते. आपल्याकडे नावाआधीचे एकटे अक्षर म्हणजे आद्याक्षर, आणि दक्षिणेकडची नावे वाचून तर ही सवय पक्की झालेली असते. तिकडे तसे नाही. बाली नावाच्या सुरुवातीचे I हे पुरुषाच्या नावाचे चिन्ह आहे आणि त्याचा उच्चार ‘ई’. बाईच्या नावाआधी तसेच Ni येते. पत्नीच्या वडिलांचे नाव I Wayan Sudarma असेल तर ‘आय. वायान’ असे लिहिणे साफ चूक आहे, ते ‘ई वायान सुदार्मा’ असे लिहायचे. मुसलमान नावाआधीचे H. म्हणजे हाज करून आलेला पुरुष आणि Hj. म्हणजे तशी स्त्री. तिथे ‘एच.’ लिहिले तर त्या माणसाच्या वडिलांचे नाव एच.ने सुरू होते असा समज होतो. R. बहुधा रादेन ही जावातली घराण्याची उपाधी असते. A.A. बालीत असेल तर आनाक आगुंग. ही अक्षरे उलगडून लिहायची की तशीच ठेवायची? माझा नियम असा की मूळ कागदावर संक्षेप असेल तर मराठीतही संक्षेपच लिहायचा, आणि तळटिपेत एकदाच तो उलगडून सांगायचा. मूळ कागदावर नसलेला शब्द भाषांतरात घुसवला की कारकून तो मूळ कागदावर शोधत बसतो.

विवाहाच्या किंवा जुन्या जन्माच्या कागदावर bin आणि binti हे शब्दही भेटतील. ते ‘चा मुलगा’ आणि ‘ची मुलगी’ असे सांगतात. त्यापुढचे नाव वडिलांचे असते, आडनाव नव्हे. ‘बिन’, ‘बिंती’ असेच लिहा आणि अर्थ टिपेत द्या.

## 3. देवनागरी कशी ठरवायची

पहिली पायरी: त्या माणसाचे नाव देवनागरीत आधी कुठल्या अधिकृत कागदावर आले आहे का, ते बघा. संदीपचे नाव बालीतल्या दाखल्यावर SANDIP BHIMRAO DESHMUKH असे आहे. ते रोमनवरून पुन्हा वाचून ‘सांदिप’ किंवा ‘सन्दिप’ करण्यात काही अर्थ नाही. सातबाऱ्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर ‘संदीप भीमराव देशमुख’ आहे, तेच जसेच्या तसे उचला.

दुसरी पायरी इंडोनेशियन नावांची. इथे नाव उच्चाराप्रमाणे लिहायचे, आपल्याकडच्या ओळखीच्या नावाप्रमाणे नाही. तिकडे संस्कृतातून आलेली नावे रग्गड आहेत, त्यामुळे हात आपोआप Wijaya चे ‘विजय’ आणि Putra चे ‘पुत्र’ करायला जातो. शेवटचा ‘आ’ तिकडे पूर्ण उच्चारतात, म्हणून ‘विजाया’ आणि ‘पुत्रा’. नावाचे मराठीकरण केले की उलट तपासणीत ते मूळ रोमन नावापर्यंत परत पोचत नाही.

अक्षरांचे थोडे नियम पाठ झाले की बहुतेक नावे सुटतात. c म्हणजे नेहमी च, j म्हणजे ज, y म्हणजे य, sy म्हणजे श, ny म्हणजे न्य. a सहसा आ असतो. t आणि d आपल्या त, द सारखे लिहावेत, ट आणि ड लिहू नयेत. त्रास देते ते e. ते कधी ‘ए’ असते आणि कधी नुसते ओझरते ‘अ’, आणि लिखाणात फरक सहसा दाखवलेला नसतो. Made मधला e ‘ए’ आहे, म्हणून ‘मादे’. Lestari मधला ओझरता आहे, म्हणून ‘लस्तारी’. हे कोशात शोधून सापडेलच असे नाही, घरच्यांना नाव बोलून दाखवायला सांगणे हाच खात्रीचा मार्ग. शेवटचे इकार-उकार मराठीच्या रिवाजाप्रमाणे दीर्घ लिहा, म्हणजे पत्नीचे नाव ‘नी मादे आयू लस्तारी’ असे होईल.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे कागद हातात आले तर जुने शुद्धलेखन भेटेल. 1947 पर्यंत उ साठी oe लिहीत. 1972 च्या सुधारणेपर्यंत च साठी tj, ज साठी dj आणि य साठी j लिहीत. सरकारने लेखन बदलले, पण पुष्कळांनी स्वतःची नावे जुन्याच तऱ्हेने ठेवली. Soerjo हे नाव ‘सुर्यो’ असे वाचायचे. देवनागरीत उच्चार लिहा, पण रोमन नाव कधीही नवे करू नका. Soerjo चे Suryo केलेत की कागदावर दुसराच माणूस तयार होतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: देवनागरी नावाशेजारी, निदान पहिल्या उल्लेखात, पासपोर्टातले रोमन नाव लिहाच. देवनागरी वाचण्यासाठी, रोमन जुळवण्यासाठी.

आता मुलाचे नाव. दाखल्यावर I PUTU ARYA DESHMUKH आहे. उच्चाराच्या नियमाने ते ‘ई पुतू आर्या देशमुख’ होते. पण आपल्याकडे आर्या हे मुलीचे नाव, आणि वारस नोंदीत ‘मुलगा आर्या’ असे वाचले की शंका येणारच. कुटुंबात त्याला ‘आर्य’ म्हणतात का, हे आईला विचारा. हो म्हणाली तर ‘आर्य’ लिहा, कारण हे नाव अर्धे मराठी घरातले आहे आणि त्या घराचे लेखन आधी मानायचे. आईकडून एका ओळीत लिहून घ्या, तक्त्याच्या चौथ्या रकान्यात टाका आणि मग प्रत्येक कागदावर तेच ठेवा. एकदा ठरलेले लेखन मध्येच सुधारायला जाऊ नका, मनाला दुसरे अधिक बरोबर वाटले तरीही.

## 4. आडनावाचा रकाना आणि एकच नाव असलेली माणसे

मराठी अर्जात तीन चौकटी असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. नी मादे आयू लस्तारी यांत काय कुठे बसते? काहीच बसत नाही. ‘नी’ स्त्रीचे चिन्ह. ‘मादे’ म्हणजे दुसरे अपत्य: बालीत पहिल्याला वायान किंवा पुतू, दुसऱ्याला मादे किंवा कादेक, तिसऱ्याला न्योमान किंवा कोमांग आणि चौथ्याला कतुत म्हणतात, आणि पाचव्यापासून बहुधा परत पहिल्यापासून सुरुवात. ‘आयू’ आणि ‘लस्तारी’ तिची स्वतःची नावे. लस्तारी हे शेवटी आले म्हणून ते आडनाव होत नाही, तिच्या भावाच्या नावात ते नसेलही.

काही समाजांत आडनावासारखी कुळनावे असतात. सुमात्रातल्या बटाक लोकांत सिरेगार, नासुतिओन ही कुळनावे वडिलांकडून मुलांकडे जातात, त्यांना तिकडे मार्गा म्हणतात. जावातल्या माणसांना मात्र बहुधा काहीच नसते, आणि जुन्या पिढीत एकाच शब्दाचे पूर्ण नाव सर्रास असते. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, दोघेही एकेका नावाचे. 2022 च्या नियमाने नव्या नोंदींत किमान दोन शब्द मागितले आहेत, आधीची नावे तशीच चालू आहेत.

भाषांतरात चौकटी भरण्यासाठी नाव तोडू नका. पूर्ण नाव सलग लिहा आणि टीप द्या: ‘मूळ दस्तऐवजात आडनावाचा वेगळा रकाना नाही, पूर्ण नाव एकसंध आहे.’ आपला अर्ज भरणारा माणूस घाईत ‘मादे’ ला पतीचे नाव समजतो किंवा मोकळी चौकट बरी दिसत नाही म्हणून तिथे ‘देशमुख’ टाकतो. हे दुसरे तर फार महागात पडते. तिकडे लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. तिच्या कोणत्याही कागदावर देशमुख नसेल, तर अर्जातली ‘नी संदीप देशमुख’ ही बाई अस्तित्वातच नाही.

## 5. पदव्या: भाषांतर करा, बरोबरी लावू नका

इथे एक लहान अक्षर सगळ्यांत जास्त घोटाळा करते. इंडोनेशियात लहान d ने लिहिलेले dr. म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, आणि मोठ्या D चे Dr. म्हणजे डॉक्टरेट मिळवलेला माणूस. दंतवैद्याला drg. आणि पशुवैद्याला drh. लावतात. मराठीत या सगळ्यांना ‘डॉ.’ असा एकच शब्द आहे. म्हणून मी पत्नीच्या नावाआधी ‘डॉ. (वैद्यकीय)’ असे लिहिते आणि डॉक्टरेटवाल्याला ‘डॉ. (विद्यावाचस्पती)’. कुठे Dr. dr. असे पाठोपाठ दिसले तर ती पुनरुक्ती नाही: त्या व्यक्तीने वैद्यकीय शिक्षणही घेतले आहे आणि डॉक्टरेटही. दुसरे खोडू नका.

ओळखपत्रावर सगळी अक्षरे मोठी छापली असतील तर DR. वरून काहीच कळत नाही. अशा वेळी इजाझा मागा. ती मिळाली नाही, तर ‘डॉ.’ एवढेच लिहून मूळ अक्षरे टिपेत द्या. अंदाजाने वैद्यकीय ठरवू नका.

नावामागच्या अक्षरांचा सांगाडा सोपा आहे. S. ने सुरू होणाऱ्या बहुतेक पदव्या सार्जाना म्हणजे पदवीच्या पातळीच्या, M. ने सुरू होणाऱ्या मागिस्तर म्हणजे पदव्युत्तर. A.Md. ही तीन वर्षांची पदविका. Sp. म्हणजे वैद्यकातली विशेषज्ञता, आणि Sp.A. मधला A म्हणजे आनाक, मूल. पत्नी म्हणूनच ‘बालरोगतज्ज्ञ’. यांतल्या काही अक्षरांना इथे वेगळाच अर्थ आहे आणि त्याने फसायला होते. S.E. म्हणजे अर्थशास्त्राची सार्जाना. महाराष्ट्रात मात्र एस.ई. म्हटले की अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष डोळ्यांसमोर येते. अभियांत्रिकीची तिकडची पदवी S.T. आहे.

पदवीचे नाव मूळ अक्षरांत ठेवा आणि लगेच तिचा अर्थ मराठीत द्या: ‘S.E., अर्थशास्त्र विषयातील सार्जाना, पदवी स्तर’. ‘बी.कॉम.’ किंवा ‘बी.ए.’ लिहू नका. समकक्षता ठरवणे हे भारतात त्यासाठी नेमलेल्या अधिकृत संस्थेचे काम आहे, भाषांतरकाराचे नाही. पदवीच्या जागी इथली पदवी लिहिली तर पुढे खऱ्या समकक्षतेच्या अर्जात तुमचेच भाषांतर आडवे येते.

वयस्क लोकांच्या नावांआधी Drs., Dra. आणि Ir. दिसतील. पहिल्या दोन 1993 च्या आधीच्या पदवीधरांच्या, पुरुषाची आणि बाईची, आणि त्या डॉक्टरेट नाहीत. ‘Drs.’ ला ‘डॉ.’ करणे ही मी वारंवार बघते ती चूक आहे. ‘द्रस.’ असे लिहून ‘जुन्या पद्धतीची पदवी’ अशी टीप पुरते. Ir. पूर्वी अभियांत्रिकी आणि कृषी पदवीधरांना मिळे. आता 2014 च्या अभियांत्रिकी कायद्यानंतर ती व्यावसायिक अभियंत्याची वेगळी उपाधी झाली आहे. म्हणून कागदाचे वर्ष बघूनच टीप लिहा.

## 6. सहीखालचे हुद्दे

दाखल्याच्या तळाशी असे काही असते:

```
Kepala Dinas Kependudukan dan Pencatatan Sipil
Drs. I ....., M.Si.
Pembina Utama Muda
NIP. 19670312 199203 1 005
```

पहिली ओळ हुद्दा: ‘प्रमुख, लोकसंख्या व नागरी नोंदणी विभाग’. दुसरी नाव. तिसरी ओळ हुद्दा नाही, ती शासकीय सेवेतली श्रेणी आहे. ती ‘पम्बिना उतामा मुदा (शासकीय सेवेतील श्रेणी)’ अशी लिहा. मुदा म्हणजे तरुण, हे कोशात सापडते, पण इथे त्याचा वयाशी संबंध नाही. चौथी ओळ कर्मचारी क्रमांक, एकही आकडा न बदलता. त्यातले पहिले आठ अंक जन्मतारीख, पुढचे सहा नेमणुकीचे वर्ष आणि महिना, मग 1 पुरुषासाठी आणि 2 स्त्रीसाठी, शेवटी तीन अंकी क्रमांक. टंकनात अंक गळला असेल तर अठरा अंक मोजून लगेच कळतो.

हुद्द्यांना इथला जवळचा हुद्दा लावण्याचा मोह आवरा. बुपाती हा काबुपातेनचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, प्रमुख असतो आणि तो निवडून येतो. ‘जिल्हाधिकारी’ लिहिले की सनदी अधिकाऱ्याचे चित्र उभे राहते. चामात हा त्याखालच्या विभागाचा प्रमुख, पण तहसीलदाराचे महसुली अधिकार त्याला आहेत असे गृहीत धरू नका. गावपातळीवर लुराह नेमलेला असतो आणि गावप्रमुख निवडलेला. बालीत तर एकाच गावात दोन माणसे भेटतात: पर्बकल हा प्रशासकीय गावाचा निवडून आलेला प्रमुख, आणि बन्देसा आदात हा रूढीच्या गावाचा, म्हणजे देवळे आणि परंपरा सांभाळणाऱ्या गावसंस्थेचा प्रमुख. लग्नाच्या कागदांत दोघांच्याही सह्या असू शकतात. दोघांना ‘सरपंच’ केले तर एका गावाला दोन सरपंच होतात. मूळ शब्द देवनागरीत लिहून पुढे चार शब्दांत काम सांगा, तेवढे पुरे.

‘नोतारिस’ बद्दलही हीच काळजी घ्या. आपला नोटरी सही-शिक्क्याने साक्षांकन करतो. तिकडचा नोतारिस स्वतः दस्त तयार करून त्याला अधिकृत रूप देतो. ‘नोटरी’ एवढेच लिहिले तर दस्ताचे वजन कमी वाटते.

आणि मयताच्या नावाआधीचे Alm. किंवा Almh. हे ‘कै.’ करू नका. ‘कैलासवासी’ सगळ्या धर्मांना लागू होत नाही. ‘दिवंगत’ लिहा.

## 7. उलट दिशेने: मराठीतून इंडोनेशियन

संदीपचे मराठी कागद तिकडे द्यायचे झाले, तर अडचणी वेगळ्या येतात. थेट मराठीचा शपथबद्ध भाषांतरकार मिळणे कठीण असते, म्हणून कागद बहुधा इंग्रजीवरून जातो आणि दोन हातांतून जाताना नावे घसरतात. तुमचा नावांचा तक्ता दुसऱ्या भाषांतरकारालाही द्या.

नावांचे रोमन लेखन पासपोर्टाचेच ठेवा. इंडोनेशियन वाचकाला सोयीचे म्हणून Chavan चे Cavan करू नका. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असेल तर क्रम न बदलता ‘पहिला शब्द कुळनाव आहे’ अशी टीप द्या. महाराष्ट्रात 2024 च्या शासन निर्णयानंतर मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. त्यातला दुसरा शब्द आईचे नाव आहे हे तिकडे कुणाला कळणार नाही, म्हणून तेही सांगा.

‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘चि.’ या नावाचा भाग नाहीत. भाषांतरात त्या कोणत्याही नावाच्या आत शिरता कामा नयेत. ‘राव’ आणि ‘साहेब’ मात्र भीमराव, भाऊसाहेब यांत नावाचाच भाग आहेत. देशमुख, कुलकर्णी, पाटील ही आडनावे तशीच ठेवा, पण ‘पोलीस पाटील’ हा हुद्दा आहे आणि त्याचे काम समजावून सांगावे लागते.

‘प्रा.’ कडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाला प्रा. म्हणतात. तिकडे Prof. हे फक्त सर्वोच्च शैक्षणिक पद असलेल्या गुरु बसार याच्याच नावाला लागते. साध्या अधिव्याख्यात्याला dosen लिहा. तसेच ‘डॉ.’: बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. झालेल्या माणसाला dr. लावू नका. ती तिकडची वैद्यकीय व्यावसायिक उपाधी आहे. मूळ पदवी लिहा आणि ती कोणत्या उपचारपद्धतीची आहे ते सांगा.

## 8. टिपा, शिक्के आणि शेवटची तपासणी

भाषांतरकाराच्या टिपा भाषांतराच्या शेवटी एकत्र, क्रमांक घालून ठेवा. मजकुरातल्या कंसांची गर्दी झाली की कारकुनाला मूळ काय आणि तुमचे काय हे कळेनासे होते. आपल्या उदाहरणात पत्नीसाठी एक टीप अशी होईल:

```
टीप 1: कुटुंबपत्रकातील ‘dr. NI MADE AYU LESTARI, Sp.A.’ आणि
जन्मदाखल्यातील ‘NI MADE AYU LESTARI’ या नोंदींवरील
ओळख क्रमांक एकच आहे. dr. ही वैद्यकीय उपाधी असून
Sp.A. ही बालरोग विशेषज्ञता आहे. मूळ दस्तऐवजात
आडनावाचा वेगळा रकाना नाही.
```

‘दोघी एकच आहेत’ असे मी लिहीत नाही. क्रमांक एकच आहे, एवढेच मला कागदावरून सांगता येते. निष्कर्ष काढणे त्या अधिकाऱ्याचे काम आहे. गरज पडली तर कुटुंबाने एकाच व्यक्तीच्या दोन नावांबद्दल प्रतिज्ञापत्र करावे.

अपॉस्टिल म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशात चालणारे साक्षांकन, आणि त्याची सोय आता दोन्हीकडे आहे. भारत या करारात 2005 पासून आहे आणि इंडोनेशियात तो 4 जून 2022 पासून लागू झाला. त्यामुळे दूतावासातून साक्षांकनाचा जुना फेरा बहुतेक कागदांना लागत नाही. मूळ कागदावर अपॉस्टिल हवे की भाषांतरावरही, हे जिथे कागद द्यायचा त्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. अपॉस्टिलच्या पानावरही सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा असतो. तो दाखल्यावरच्या नावाशी जुळतो का ते बघा, आणि त्या पानाचे भाषांतर विसरू नका.

सगळे झाल्यावर तक्ता समोर घ्या आणि भाषांतर उलटे, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचा. अर्थाकडे लक्ष न देता फक्त नावे आणि आकडे तपासा. मग भाषांतरातले एक नाव उचला आणि ते मूळ कागदावर बोट ठेवून दाखवा, असे दुसऱ्या कुणाला तरी सांगा. इंडोनेशियन न येणाऱ्या माणसाला ते सापडले, तर तलाठी कार्यालयातही सापडेल.